अरबी निविदासूचना इंग्रजीत आणताना: मुदत, पात्रता आणि बयाणा

प्रश्न: "आमची पुण्याजवळ पंप बनवणारी कंपनी आहे. इराकमधल्या एका सरकारी कंपनीची दोन पानी अरबी निविदासूचना एजंटने पाठवली आहे. मी अरबीचा डिप्लोमा केलाय म्हणून साहेबांनी इंग्रजी भाषांतर माझ्यावर सोपवलं. शेवटची तारीख, पात्रतेच्या अटी आणि बयाणा रक्कम हे तीन भाग अगदी अचूक हवेत म्हणाले. शब्दकोश आहे, पण कायदेशीर मजकूर कधी केलेला नाही. नेमकं काय सांभाळू?"

आधी हे इंग्रजी कोण वाचणार ते बघा. तुमच्या कंपनीत हा कागद साधारण तीन टेबलांवर जाईल. मार्केटिंगवाले पात्रतेचा भाग वाचून भाग घ्यायचा की नाही ते ठरवतील. अकाउंट्सवाले बयाण्याचा परिच्छेद उचलून बँकेकडे नेतील आणि बँकेतला माणूस त्यावरून हमीपत्राची तारीख टाकेल. कागदपत्रं जमवणारा मुलगा शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहील. यांतला कुणीही अरबी पान उघडून बघणार नाही. त्यामुळे अरबीत जे मोघम आहे ते तुम्ही इंग्रजीत नकळत पक्कं करून टाकलंत, तर तीच कंपनीसाठी वस्तुस्थिती होऊन बसते. शब्दकोश हाताशी असलेल्या माणसाची खरी अडचण ही असते. शब्द अडत नाहीत, मोघम जागा गुपचूप भरल्या जातात. म्हणून माझा नियम असा: मूळ मजकुरात जेवढं आहे तेवढंच भाषांतरात, आणि माझी आकडेमोड किंवा शंका चौकटी कंसात 'भाषांतरकाराची टीप' म्हणून वेगळी.

दोन-तीन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी विचारून घ्या. ही नुसती वर्तमानपत्रातली सूचना आहे, की एजंटने पूर्ण निविदा दस्तऐवजही विकत घेतलाय? सूचनेत बहुतेक वेळा 'निविदाकारांसाठीच्या सूचनांनुसार' एवढंच म्हटलेलं असतं आणि खरा तपशील त्या दस्तऐवजात असतो. भाषांतर फक्त घरच्या वापरासाठी आहे, की शिक्क्यानिशी कुठे जोडायचं आहे? आणि वाद झाला तर कुठली प्रत ग्राह्य? इराकी सरकारी कामात तुमचं इंग्रजी हे फक्त समजून घेण्याचं साधन आहे असं धरून चाला, आणि पहिल्या पानावर तसं एक वाक्य लिहूनही ठेवा.

आता कामाला लागू. पहिलं वाचन फक्त आकड्यांसाठी करा. प्रत्येक आकडा, तारीख, टक्का, निविदा क्रमांक पेन्सिलीने गोल करा आणि वेगळ्या कागदावर उतरवा. मराठी डोळ्याला इथे खास धोका आहे. अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. अरबी सहा इंग्रजी सातासारखा वाटतो. दोन आणि तीन यांत एका दात्याचा फरक, आणि स्कॅन पुसट असेल तर तोही दिसत नाही. सुदैवाने रकमा बहुधा अक्षरीही लिहिलेल्या असतात, 'फकत' पासून 'ला गैर' पर्यंत, म्हणजे आपल्याकडे 'फक्त' लिहितो तशाच. अक्षरी आणि अंकी रक्कम जुळत नसेल तर दोन्ही जशाच्या तशा उतरवा आणि टीप द्या. तुम्ही निवाडा करायचा नाही.

पीडीएफमधून मजकूर कॉपी करून वर्डच्या डावीकडून सुरू होणाऱ्या परिच्छेदात चिकटवला की आडव्या किंवा तिरक्या रेघेने जोडलेल्या आकड्यांची जागा बदलू शकते. 'दहा ते पंधरा दिवस' हे 'पंधरा ते दहा' होतं, तेव्हा निदान शंका तरी येते. निविदा क्रमांकाचे तुकडे मागेपुढे झाले तर कुणालाच कळत नाही, आणि पाकिटावर चुकीचा क्रमांक जातो. म्हणून आकडे नेहमी पानाच्या चित्राशी ताडून बघा, चिकटवलेल्या मजकुराशी नव्हे. आणि हो, 'रक्म अल-मुनाकसा' म्हणजे निविदेचा क्रमांक. आपली 'रक्कम' तिथे शोधू नका.

सूचनेचं शीर्षक नीट वाचा. इराकी सूचनांमध्ये 'लिल्-मर्रा अस्-सानिया', म्हणजे 'दुसऱ्यांदा', असं बरेचदा असतं. पहिल्या वेळी पुरेसे प्रतिसाद आले नाहीत म्हणून तीच निविदा पुन्हा काढलेली असते. 'मुल्हक' म्हणजे पुरवणी आणि 'तमदीद' म्हणजे मुदतवाढ. हे शब्द भाषांतरात शीर्षकातच यायला हवेत, नाहीतर जुन्या सूचनेची तारीख आणि नव्या सूचनेच्या अटी अशी खिचडी होते.

आता मुदत. सोबतचं उदाहरण मी या उत्तरापुरतं रचलंय, पण त्यातली वाक्यं इराकी सूचनांत नेहमी येतात त्याच घडणीची आहेत. समजा सूचना म्हणते: निविदा देण्याची शेवटची वेळ रविवार, १५/६/२०२५ दुपारी बारा वाजता, त्या दिवशी अधिकृत सुटी आली तर 'त्याच्या पुढचा दिवस', उशिरा आलेल्या निविदा विचारात घेतल्या जाणार नाहीत.

आधी वार आणि तारीख जुळते का ते बघा. १५ जून २०२५ ला रविवारच होता, म्हणजे इथे ठीक. जुळत नसेल तर ती सूचनेतली चूक आहे. ती तशीच ठेवून टीप द्यायची. रविवार बघून दचकू नका, इराकमध्ये शुक्रवार-शनिवार सुटी असते आणि रविवार हा कामाचा पहिला दिवस. तारीख इंग्रजीत लिहिताना मात्र महिना अक्षरी लिहा. ५/६ ला आपण पाच जून म्हणू, कुणी अमेरिकी पद्धतीने सहा मे वाचेल. महिना अक्षरी असला की प्रश्नच मिटतो.

मुळात महिना अक्षरी असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. इराकमध्ये यनायर, फिब्रायर अशी नावं नसून जुनी सिरियाई नावं चालतात. जून म्हणजे हजीरान, जुलै म्हणजे तम्मूज. घोटाळा होतो तो जोडनावांत. पहिला तिश्रीन म्हणजे ऑक्टोबर, दुसरा तिश्रीन नोव्हेंबर. पहिला कानून म्हणजे डिसेंबर आणि दुसरा कानून जानेवारी. म्हणजे दोन्ही कानूनांच्या मधे वर्ष बदलतं. 'पहिला' शब्द बघून कानून अव्वलला जानेवारी समजणारे लोक मी पाहिले आहेत.

'दुपारी बारा' हे इंग्रजीत '१२ नून, बगदाद टाइम' असं लिहा, पण 'बगदाद टाइम' हे शब्द चौकटी कंसात, कारण ते मुळात नाहीत. टीपेत 'भारतीय वेळेनुसार दुपारी अडीच' असं द्यायला हरकत नाही. काही सूचनांत घड्याळाची वेळ नसतेच, 'निहायत अद्-दवाम अर्-रस्मी', म्हणजे कार्यालयीन वेळ संपेपर्यंत, एवढंच असतं. तिथे 'दोन वाजेपर्यंत' असं चुकूनही लिहू नका. कार्यालयीन वेळ बदलते, रमजानात तर हमखास. 'एंड ऑफ ऑफिशियल वर्किंग अवर्स' लिहा आणि एजंटला त्या कार्यालयाची वेळ विचारायला सांगा.

सुटीच्या वाक्यात दोन फासे आहेत. एक म्हणजे मूळ म्हणतं 'त्याच्या पुढचा दिवस'. आपला हात आपसूक 'नेक्स्ट वर्किंग डे' लिहितो. बहुधा अर्थ तोच असतो, पण शब्द तो नाही. 'द फॉलोइंग डे' लिहा आणि टीपेत म्हणा की कामाचा दिवस अभिप्रेत असावा, खातरजमा करावी. दुसरं म्हणजे सुटी आहे की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही. आपल्या उदाहरणातली तारीख मी मुद्दाम निवडली. इराकच्या संसदेने २०२४ मध्ये सुट्यांचा जो कायदा केला त्यात ईद-उल-गदीर ही सुटी धरली. ती हिजरी जिलहिज्जाच्या १८ तारखेला येते आणि २०२५ मध्ये ती जूनच्या मध्यावरच येत होती, चंद्रदर्शनाप्रमाणे एक दिवस इकडे की तिकडे. अशा वेळी 'एक दिवस जास्त मिळेल' असं भाषांतरावरून वाटणं हेच धोक्याचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर १५ जूनच जायला हवी. सुटीचं वाक्य फक्त जोखमीची नोंद म्हणून खाली.

सूचनेत तारखा एकाहून जास्त असतात हेही लक्षात असू द्या. दस्तऐवज विक्रीची शेवटची तारीख, शंकानिरसनाची बैठक, निविदा देण्याची तारीख आणि उघडण्याची तारीख. सगळ्यांना 'डेडलाइन' म्हणू नका. प्रत्येकीला तिचं क्रियापद द्या: विकत घेणे, हजर राहणे, सुपूर्त करणे, उघडणे.

पात्रतेकडे येऊ. इथे सगळ्यात आधी क्रियापदाची ताकद ओळखायची. अरबीत साधा वर्तमानकाळ बंधन सांगतो. 'युकद्दिमु' म्हणजे शब्दशः 'सादर करतो', पण निविदेत त्याचा अर्थ 'सादर करावंच लागेल'. इंग्रजीत 'शॅल' वापरा आणि पूर्ण भाषांतरभर तोच वापरा. 'यजिबु' आणि 'युश्तरतु' हेही बंधनकारकच. 'युफद्दलु' आलं की मात्र थांबा, कारण ते 'असल्यास प्राधान्य' आहे. मार्केटिंगवाल्यांनी 'प्राधान्य'ला 'अट' समजलं तर ते उगाच माघार घेतील. 'ला यजूझु' म्हणजे सरळ मनाई, 'करू नये तर बरं' असं नाही. परिणाम सांगणारं क्रियापदही तसंच तोलायचं. 'निविदा बाद केली जाईल' आणि 'समितीला बाद करण्याचा अधिकार राहील' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आता एक वाक्य जवळून बघा, कारण अशा सूचनांत ते कुठल्या ना कुठल्या रूपात येतंच: 'अंतिम हिशेब व स्थापनेचा दाखला व तत्सम कामांची यादी, सक्षम यंत्रणांकडून प्रमाणित'. अरबीत शेवटचं विशेषण 'अल्-मुसद्दका' हे स्त्रीलिंगी एकवचनी आहे. निर्जीव वस्तूंच्या अनेकवचनाला अरबी हेच रूप लावते, म्हणून ते तिन्ही कागदांना लागू शकतं. पण 'यादी' हा शब्दही स्त्रीलिंगी एकवचनी, त्यामुळे ते फक्त यादीलाही लागू शकतं. व्याकरण इथे तुम्हाला उत्तर देत नाही. तुम्ही इंग्रजीत 'सर्टिफाइड' हा शब्द सुरुवातीला नेलात तर तिन्ही कागद प्रमाणित हवेत असं झालं, यादीला चिकटवलात तर एकच. मी तो मुळासारखाच शेवटी ठेवते आणि टीप देते: तिन्ही कागदांना लागू होतं की फक्त यादीला, हे मुळात स्पष्ट नाही, सुरक्षित बाजू म्हणून तिन्ही प्रमाणित करून घ्यावेत. खर्च आणि वेळ किती जाईल ते कंपनी बघेल, पण शंका कंपनीला दिसली तरी पाहिजे.

त्याच वाक्यात 'सक्षम यंत्रणा' म्हणजे कोण, हेही नाही. भारतीय कागदांच्या बाबतीत तो इराकी दूतावास असू शकतो. आपल्याकडे अपोस्टिलची, म्हणजे परदेशी वापरासाठी परराष्ट्र खात्याच्या शिक्क्याची, सवय झाल्यामुळे लोक इंग्रजीत बिनधास्त 'अपोस्टिल्ड' लिहितात. तसं लिहू नका. मुळात फक्त 'प्रमाणित' आहे, आणि इराकसाठी नुसता अपोस्टिल पुरेल असं गृहीत धरणं महागात पडेल.

अनुभवाची अट साधारण अशी असते: 'गेल्या पाच वर्षांत किमान एक तत्सम करार, अमुक रकमेपेक्षा कमी नसलेला'. पाच वर्षं कुठल्या तारखेपासून मागे मोजायची, आणि करार त्या काळात सही झालेला हवा की पूर्ण झालेला, हे सूचनेत क्वचितच असतं. त्यात 'मुन्जज', म्हणजे पार पाडलेला, असा शब्द असेल तर तो अजिबात गाळू नका. तुमच्या चालू ऑर्डर्स चालतील की नाही हे त्या एका शब्दावर आहे.

कराच्या दाखल्याची अट ही आणखी एक. इराकच्या कर प्राधिकरणाकडून येणं-बाकी नसल्याचा दाखला मागितलेला असतो आणि बरेचदा पुढे 'इराकी कंपन्यांसाठी' असं असतं. ते कुठल्या कागदांना लागतं ते मूळ परिच्छेदाच्या क्रमांकावरून ओळखा. म्हणूनच मुळातले क्रमांक आणि ओळींची तोडणी भाषांतरात तशीच ठेवायची. दोन मुद्दे एकात घालून वाक्य सुंदर करायला गेलात की लागू होण्याची हद्द पुसली जाते.

पात्रतेतला सगळ्यात फसवा शब्द माझ्या मते 'शरिका आम्मा' आहे. शब्दकोश म्हणेल 'पब्लिक कंपनी'. इराकमध्ये १९९७ चा सरकारी कंपन्यांचा कायदा क्रमांक २२ आहे आणि 'शरिका आम्मा' म्हणजे त्याखालची सरकारी मालकीची कंपनी. सूचनेत कधी असं वाक्य येतं की सरकारी कंपन्यांना बयाण्यातून सूट आहे. तुम्ही 'पब्लिक कंपनीज आर एक्झेम्प्ट' लिहिलंत आणि तुमची कंपनी पब्लिक लिमिटेड असेल, तर अकाउंट्सवाले खुशीत बयाणा भरणारच नाहीत. 'स्टेट-ओन्ड कंपनीज' लिहा. शेअर बाजारातल्या अर्थाने पब्लिक कंपनीला अरबीत वेगळा शब्दप्रयोग आहे, 'मुसाहिमा आम्मा'.

आता बयाणा, म्हणजे तुमच्या कामाचा सगळ्यात नाजूक भाग. इराकी सूचनेत त्याला 'अत्-तअमीनात अल्-अव्वलिया' म्हणतात. 'तअमीन'चा रोजचा अर्थ विमा, त्यामुळे 'इनिशियल इन्शुरन्स' असं भाषांतर सर्रास दिसतं. ते वाचून अकाउंट्सवाले विमा एजंटला फोन करतात. इथे सरळ 'बिड सिक्युरिटी' लिहा. इराकबाहेर हीच चीज वेगवेगळ्या नावांनी येते: सौदीत 'दमान इब्तिदाई', कुवेतमध्ये 'कफाला अव्वलिया', इजिप्तमध्ये 'तअमीन मुअक्कत', जॉर्डनमध्ये 'कफालत दुखूल अल्-अता'. चारही ठिकाणी इंग्रजी एकच ठेवा. 'निहाई' हे विशेषण आलं तर मात्र तो बयाणा नाही, ती निवड झाल्यावर द्यायची कामाची हमी आहे.

बयाण्याच्या परिच्छेदाला पाच प्रश्न विचारा: किती, कशाच्या आधारावर, कुठल्या रूपात, कुणाच्या नावे, किती दिवस. 'किती' सोपं आहे. 'कशाच्या आधारावर' हे अडतं. टक्केवारी असेल तर ती अंदाजित खर्चावर आहे की तुमच्या निविदेच्या किमतीवर? अरबीत 'अल्-कुल्फा अत्-तख्मीनिया' म्हणजे खात्याने काढलेला अंदाजित खर्च आणि 'कीमत अल्-अता' म्हणजे तुमची किंमत. सौदीच्या २०१९ च्या सरकारी निविदा कायद्यात बयाणा निविदेच्या किमतीच्या १ ते २ टक्के आहे, म्हणून सौदी कामं केलेले लोक इराकी सूचनेतही तसंच वाचतात. फरक नुसता रकमेचा नाही. बयाणा किमतीच्या टक्क्यावर असेल आणि तो किमतीच्या पाकिटाआधी उघडल्या जाणाऱ्या तांत्रिक पाकिटात घालायचा असेल, तर हमीपत्राच्या रकमेवरून तुमची किंमत आधीच उघडी पडते. त्यामुळे ठरावीक आकडा दिला असेल तर तो सोयीचाच. तेव्हा बयाणा कुठल्या पाकिटात घालायचा ते वाक्य शोधा आणि भाषांतरात बयाण्याच्या परिच्छेदाला त्याचा हवाला द्या.

रूपाबद्दल सूचनेत साधारण तीन पर्याय असतात. 'खिताब दमान' म्हणजे बँकेचं हमीपत्र, 'सक्क मुसद्दक' म्हणजे बँकेने प्रमाणित केलेला धनादेश आणि 'सुफ्तजा' म्हणजे हुंडीच्या जातीचा कागद. तिसऱ्याला 'बिल ऑफ एक्स्चेंज' लिहा आणि शेजारी मूळ शब्द रोमन लिपीत द्या, म्हणजे बँकेला इराकी बाजूला विचारता येईल. या तिघांच्या मधे 'अव', म्हणजे 'किंवा', आहे की 'व' आहे ते नीट बघा. हमीपत्र 'इराकमध्ये मान्यताप्राप्त बँकेकडून' हवं असा शब्दप्रयोग असेल तर तो जसाच्या तसा उतरवा. पुण्यातल्या शाखेचं हमीपत्र थेट चालणार नाही, तिथल्या बँकेमार्फत काढावं लागेल, आणि त्याला लागणारा वेळ हा तुमच्या कॅलेंडरवरचा खरा अडथळा असतो. ईदची सुटी मधे आली की तो वाढतोच.

'कुणाच्या नावे' मध्ये दोन शब्दयोगी प्रयोग वेगळे ठेवा. 'बिस्मि' म्हणजे ज्याच्या वतीने, ज्याच्या नावाने हमी काढली तो. 'लि-अम्र' म्हणजे ज्याला पैसे मिळतील तो. इंग्रजीत दोन्हींना 'इन द नेम ऑफ' लिहिलं की हमी देणारा आणि घेणारा एकच होऊन बसतो. पहिल्याला 'इन द नेम ऑफ द बिडर', दुसऱ्याला 'टु द ऑर्डर ऑफ' आणि पुढे सरकारी कंपनीचं पूर्ण नाव. कधी हमी कंपनीच्या भागधारकाच्या नावानेही चालेल असं लिहिलेलं असतं. ते असलं तर ठेवा, नसलं तर उदार होऊ नका.

आता दिवस. आपल्या उदाहरणात सूचना म्हणते: निविदा अंतिम तारखेपासून १२० दिवस वैध; बयाणा 'निविदेची वैधता संपल्यानंतर २८ दिवस वैध'. जागतिक बँकेच्या नमुन्यातून आलेली ही २८ दिवसांची पद्धत इराकी प्रमाणित दस्तऐवजांत रुळलेली आहे. अरबी वाक्याची रचना अशी असते की 'वैध, २८ दिवसांसाठी' हे आधी येतं आणि 'निविदेची वैधता संपल्यानंतर' हे मागून. घाईत वाचणारा पहिल्या अर्ध्यावर थांबतो. तसं केलं तर बयाणा १३ जुलैला संपतो. १२० दिवस एवढंच धरलं तर १३ ऑक्टोबरला. खरा हिशेब असा: १५ जूनच्या पुढच्या दिवसापासून मोजलं तर १२० दिवस १३ ऑक्टोबर २०२५ ला पूर्ण होतात आणि त्यापुढचे २८ दिवस १० नोव्हेंबरला. १५ जून हाच पहिला दिवस धरला तर सगळं एकेक दिवस अलीकडे येतं. मुळात मोजणी कुठून सुरू हे नसेल तर भाषांतरात तारीख घालू नका.

मी ते असं लिहिते: 'द बिड सिक्युरिटी शॅल रिमेन व्हॅलिड फॉर २८ डेज आफ्टर द एक्स्पायरी ऑफ द बिड व्हॅलिडिटी पीरियड.' आणि खाली टीप: एकूण १४८ दिवस, अंतिम तारीख १५ जून धरल्यास १० नोव्हेंबर २०२५, अंतिम तारीख सुटीमुळे किंवा मुदतवाढीमुळे पुढे गेली तर हीही पुढे जाईल. बँकेला या टीपेचीच गरज असते, पण ती टीप आहे हे दिसलं पाहिजे. हमीपत्र चार दिवस जास्तीचं काढलं तर बिघडत नाही, एक दिवस कमी पडला तर निविदा बाद होऊ शकते.

जप्तीचं वाक्यही याच भागात असतं. इराकी सूचनांत 'नाकिल' असा शब्द येतो. काम मिळाल्यावर करार करायला नकार देणारा तो नाकिल. त्याचा बयाणा जप्त होतो आणि पुढच्या निविदाकाराला काम दिल्यामुळे पडणारा किमतीतला फरकही त्याच्याकडून वसूल होऊ शकतो. या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. 'फॉर्फीट' हा एकच शब्द लिहून दुसरी गिळू नका, कारण दुसरीची रक्कम बयाण्याच्या कितीतरी पट असू शकते. नाकिलसाठी 'डिफॉल्टिंग बिडर' चालतो, पण पहिल्यांदा येतो तिथे 'निवड झाल्यावर करारास नकार देणारा' असा खुलासा द्या.

पुढेमागे तुमच्याकडे आखातातल्या सूचनाही येतील, म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवते. कुवेती दिनाराचे १००० फिल्स होतात, त्यामुळे रक्कम तीन दशांश स्थळांनी लिहितात. '५०.०००' म्हणजे पन्नास दिनार, पन्नास हजार नव्हे. ओमान आणि बहारीनचंही तसंच. दुसरी गोष्ट कंत्राटदारांच्या वर्गवारीची. 'चौथी श्रेणी फ-अअला' म्हणजे चौथी आणि त्यावरची, पण बहुतेक ठिकाणी लहान आकड्याची श्रेणी वरची असल्यामुळे 'वरची' म्हणजे तिसरी, दुसरी, पहिली. इंग्रजीत नुसतं 'ग्रेड फोर अँड अबव्ह' लिहिलं तर कुणीतरी पाचवी पात्र धरेल. श्रेणी मोजून लिहा.

सगळं झाल्यावर तपासणी एकट्याने करू नका. तुम्ही अरबी पानावरून फक्त आकडे आणि तारखा मोठ्याने वाचा, आणि अरबी न येणाऱ्या सहकाऱ्याला इंग्रजी पानावर खूण करायला सांगा. त्याला अरबी येत नाही हेच चांगलं, तो समोर लिहिलेलंच बघतो. मग तुमच्या सगळ्या टीपा गोळा करा. आपल्या उदाहरणात त्या चारच आहेत: 'पुढचा दिवस' म्हणजे कामाचा दिवस का, प्रमाणित कुठले कागद आणि कुणाकडून, पाच वर्षं कुठून मोजायची, आणि वैधतेचा पहिला दिवस कुठला. त्या एजंटकडे पाठवा आणि शंकानिरसनाच्या बैठकीआधी खात्याकडून लेखी उत्तर मागवा. एजंट फोनवर 'तसंच असतं' म्हणाला तर ते भाषांतरात घालू नका, टीपेत 'एजंटच्या सांगण्याप्रमाणे' असं लिहा. लेखी उत्तर आलं की टीप काढून त्या जागी उत्तराची तारीख आणि क्रमांक द्या. आणि बयाण्याचा परिच्छेद बँकेकडे जाताना त्याच्या पाठीला मूळ अरबी पान जोडलेलं असू द्या, कारण हमीपत्राचा मसुदा बगदादच्या बँकेत पोचेल तेव्हा तिथला माणूस तुमचं इंग्रजी वाचणार नाही, अरबीच वाचेल.